स.न.वि.वि. आणि पाव टक्का

गेल्या महिन्यात म्हापशातल्या एका बँकेत माझ्या पत्राला दहापैकी साडेसहा गुण मिळाले. परीक्षक बँकेचे नव्हते. बाकावर शेजारी बसलेले एक निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांच्या खिशाला लाल पेन होतं. निवृत्तीनंतर माणसाकडून शाळेच्या किल्ल्या परत घेतात, लाल पेन का घेत नाहीत कोण जाणे.

प्रकरण थोडक्यात सांगतो. मार्च २०२४ मध्ये मी घरासाठी २५ लाखांचं कर्ज घेतलं, वीस वर्षांचं. मंजुरीपत्रात दर लिहिला होता : रिझर्व्ह बँकेचा रेपो दर अधिक २.४० टक्के. तेव्हा रेपो ६.५० होता, म्हणून ८.९० टक्के आणि महिना २२,३३३ रुपये हप्ता. दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला, त्या दिवशीचा रेपो बघून दर नव्याने ठरायचा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो ५.५० वर आणला. जुलैपासून माझा दर ७.९० व्हायला हवा होता. बँक ८.१५ लावत होती.

हे लवकर कळत नाही, आणि त्यातच खरी गंमत आहे. दर उतरला तरी हप्ता बहुधा तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. खात्यातून दरमहा तेच २२,३३३ जातात, त्यामुळे माणूस निर्धास्त. फरक पडतो तो हप्त्याच्या पोटात. बाकी चोवीस लाख धरा. ७.९० ने महिन्याचं व्याज होतं १५,८००, तर ८.१५ ने होतं १६,३००. म्हणजे दरमहा पाचशे रुपये मुद्दलाकडे जायचे ते व्याजाकडे वळतात, आणि वरून हप्ता अगदी तसाच दिसतो. मला कळलं ते तिमाही विवरणामुळे. त्यात वार्षिक व्याजदर छापावा लागतो, म्हणून बँकेने तो छापला होता. कुणी वाचेल असं तिला वाटलं नसावं.

तर पत्र. मी ते घरूनच लिहून नेलं होतं. वर कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीपत्राची तारीख आणि व्याजाचं कलम. खाली छोटं कोष्टक : तिमाही, त्या दिवशीचा रेपो, ठरलेला दर, लावलेला दर. मग मागण्या. रेपोवरची वाढ जुलैपासून पुन्हा २.४० करावी. जादा घेतलेलं व्याज त्या-त्या महिन्याच्या तारखेने मुद्दलात जमा करावं. हप्त्यांचं नवं वेळापत्रक द्यावं. आणि २.४० चे २.६५ कोणत्या कारणाने झाले ते लेखी कळवावं.

टोकन घेऊन बसलो होतो. हेडमास्तर पासबुक भरायला आले होते आणि पासबुकाचं मशीन बंद होतं. ते रोजच बंद असतं आणि ते रोजच येतात, असं नंतर समजलं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे मान वाकवून पाहिलं.

"अर्ज का?"

"नाही, पत्र आहे. व्याज जादा लावलंय."

"बघू."

चाळीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाने "बघू" म्हटलं की वही पुढे जातेच. माझी गेली.

"सुरुवात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ही काय. 'महोदय, आपल्या बँकेने माझ्या कर्जावर...'"

"एकदम कर्जावर? माणूस दारात उभा राहून आधी नमस्कार करतो, मग पैसे मागतो. मॅनेजर तुमच्यापेक्षा मोठा की लहान?"

"लहान असावा. तिशीतला दिसतो."

"मग साष्टांग नको. स.न.वि.वि. चालेल." लाल पेन उघडलं. "तसा वयाने लहान, म्हणजे 'अनेक उत्तम आशीर्वाद' शोभलं असतं. पण कर्ज त्याने दिलंय. दात्याला आशीर्वाद कसा देणार? अवघड केस आहे."

केस खरोखरच अवघड होती, पण ती ही नव्हती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तोवर ते कोष्टकाशी पोचले होते.

"हे काय?"

"कोष्टक, सर."

"पत्रात कोष्टक? गणिताचा पेपर आहे हा? आकडे पत्राला जड करतात. 'व्याजदरात किंचित तफावत आढळते' एवढं पुरे. सुज्ञास सांगणे न लगे."

मी म्हटलं, सर, सुज्ञ असते तर २.६५ झालंच नसतं. ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी कोष्टकावर आडवी रेघ मारली. आतापर्यंत मी हसत होतो, इथून पुढे नाही. कारण पुढच्या ओळीत "त्या-त्या महिन्याच्या तारखेने" हे शब्द खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : "यथावकाश".

यथावकाश! सगळा जीव त्या तारखांत होता. बँकेने नुसते तीन हजार आज जमा केले, तर मधल्या काळात मुद्दल जितकं जास्त राहिलं त्यावरचं व्याज तिच्याकडेच राहतं. रक्कम मोठी नाही, पण जमा मागच्या तारखेने झाली तरच हप्त्यांचं गणित मुळापासून सुधारतं. मी हे त्यांना समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"मागच्या तारखेने पैसे मागणं उद्धट दिसतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही पाव टक्क्याला रडताय? माझ्या ठेवीचा दर उतरला तेव्हा मी पत्र लिहिलं का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. ठेवींचे दर मात्र चटकन उतरतात हे खरं आहे. तिथे कुणाच्या सिस्टीमला जड जात नाही. आमचा पगार एकदा एक दिवस उशिरा आला आणि हप्ता परत गेला, तेव्हा याच सिस्टीमने पाचशे रुपये दंड आणि वर अठरा टक्के जीएसटी असे ५९० रुपये त्याच संध्याकाळी कापले होते. त्यात यथावकाश नव्हतं.

"इथला आधीचा कॅशियर माझा विद्यार्थी," मास्तर सांगत होते. "गणितात कच्चा. पण अक्षर! मोत्यासारखं." आणि मग त्यांनी तळाशी गोल करून साडेसहा लिहिलं. समासाचा अर्धा गुण कापल्याचं स्वतंत्र दाखवलं.

नशीब माझ्याकडे दुसरी प्रत होती. ती खरं तर शिक्क्यासाठी आणली होती. ती खिडकीवर देऊन लाल झालेल्या प्रतीवर पोच मागितली. खिडकीवरच्या मॅडमनी आधी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "सर, ऑक्टोबर एकतीस दिसांचो म्हयनो, म्हणून व्याज चड दिसता."

हे उत्तर अगदीच चुकीचं नाही, म्हणून जास्त धोक्याचं. बऱ्याच बँका दिवसांवर व्याज काढतात, त्यामुळे एकतीस दिवसांच्या महिन्यात रक्कम थोडी फुगते. म्हणूनच एकट्या महिन्याच्या व्याजावर भांडू नये. विवरणात छापलेला दर धरावा. त्यातून त्या दिवशीचा रेपो वजा करावा. उरेल ते मंजुरीपत्राशी जुळलं पाहिजे. ८.१५ वजा ५.५० म्हणजे २.६५, मग महिना कितीही दिवसांचा असो.

"मग सिस्टीमान बदललें आसतलें," मॅडम म्हणाल्या.

सिस्टीमला तसं बदलता येत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची घरकर्जं बँकेबाहेरच्या मापदंडाला बांधली गेली, तेव्हाच रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की वरच्या वाढीतला जोखमीचा भाग कर्जदाराचं पतमूल्यांकन बरंच बदललं तरच बदलेल, आणि बाकीचा भाग वाढवायचा तर तीन वर्षांतून एकदाच. माझ्या कर्जाला तीन वर्षं झालेली नव्हती आणि पत कुणी तपासलेली नव्हती. मॅडमनी सहानुभूतीने ऐकलं. म्हणाल्या, शिक्का मॅनेजरांच्या टेबलात आहे, सायब आज मेळचे ना, फाल्यां येयात. मी तिथेच उभं राहून पत्राचा फोटो शाखेच्या ईमेलवर पाठवला. पोच नसेल तर पत्र कधी दिलं याला पुरावा नाही, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा हक्क त्या तारखेपासून मोजला जातो.

दरम्यान ५ डिसेंबरलाच रेपो आणखी उतरून ५.२५ झाला होता. १ जानेवारीला सिस्टीमने न चुकता आपलं काम केलं. ५.२५ मध्ये तिने आपले लाडके २.६५ मिळवले आणि माझा दर झाला ७.९०.

मग बँकेचं उत्तर आलं, इंग्रजीत. आपल्या पत्रातील मागणीनुसार आपला व्याजदर ७.९० टक्के करण्यात आला आहे, तक्रार निकाली काढली आहे, आमच्या सेवेला मानांकन द्यावे. खाली पाच चांदण्या.

माझ्या पत्रात स्पष्ट होतं : रेपो अधिक २.४०, म्हणजे सध्या ७.९०. त्यांनी त्यातला "सध्या" सोडला आणि ७.९० उचललं. आता दर ७.६५ हवा. सहा महिन्यांचं तीन हजारांवर गेलेलं जादा व्याज तर त्या उत्तरात कुठेच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने रेपो उतरवला, ती माझ्या बँकेची मेहेरबानी ठरली आणि तिच्या नावावर माझी तक्रार बंद झाली.

दुसरं पत्र घेऊन गेलो. या वेळी त्यात ७.९० नाही, ७.६५ नाही, कुठलाही तयार दर नाही. फक्त २.४०, ठळक, चार ठिकाणी. मॅडमनी ओळखलं.

"सर, तुमी ७.९० मागिल्लें, आमी दिलें. आतां आनीक कितें?"

मी म्हटलं, ७.६५ व्हायला हवा.

त्यांनी शेजारच्या खिडकीकडे बघून मान हलवली. "पळय. फुडल्या म्हयन्यांत ७.४० मागतले."

मी पोच मागितली. शिक्का होता. शाई नव्हती. मी घरी येऊन cms.rbi.org.in उघडलं, बँकेचं निकाली पत्र जोडलं, कोष्टक जोडलं, आणि तक्रारीच्या रकान्यात नमस्काराशिवाय सरळ कर्जखात्याच्या क्रमांकापासून सुरुवात केली.