साहेबांनी सही मागितलीय? देऊन टाका!

‘पाच मिनिटं बोलायचंय’ म्हणून बोलावणं आलं, आत गेल्यावर साहेबांशेजारी एचआरच्या मॅडम बसलेल्या दिसल्या आणि टेबलावर एक कागद पालथा पडलेला असला, की ओळखा: कंपनीला तुमच्या प्रगतीची एकाएकी काळजी वाटू लागली आहे. हा कागद म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, लाडाने पीआयपी. मुदत बहुधा ३०, ६० किंवा ९० दिवस; तेवढ्यात त्यातली उद्दिष्टं गाठून ‘सुधारला’ नाहीत, तर बहुधा निरोप.

आता पहिलं काम सहीचं. वाचत बसू नका, मॅडमना पुढची मीटिंग असते. काही आगाऊ मंडळी सहीखाली ‘फक्त पोच, मजकूर मान्य नाही’ असं लिहितात, किंवा ‘दोन दिवसांत लेखी उत्तर देतो’ म्हणतात. काय हा अविश्वास! उद्या फाइलमध्ये ‘उद्दिष्टे कर्मचाऱ्यास मान्य होती’ असं लिहायचं झालं, तर साहेबांनी काय करायचं?

उद्दिष्टांवर तर शंका घेऊच नका. ग्राहकांच्या तक्रारी निस्तरणाऱ्या टीममधल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. टीममध्ये माणसं सहा, आठवड्याला तक्रारी १६८, आणि सिस्टीम त्या सगळ्यांना सारख्या वाटते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २८. आपले गृहस्थ त्यातल्या २६ मिटवतात. पीआयपीत आकडा आला ४५. येतात २८, मिटवायच्या ४५! उरलेल्या १७ कुठून आणायच्या, हे विचारणं म्हणजे नकारात्मक वृत्ती. धडाडीचा माणूस ग्राहकांना फोन करून ‘काहीतरी बिघडवा हो’ अशी गळ घालेल.

दुसरं उद्दिष्ट: मिटलेली एकही तक्रार पुन्हा उघडता कामा नये. आता त्या सिस्टीममध्ये ग्राहकाने नुसतं ‘थँक यू’ लिहून पाठवलं, तरी तक्रार आपोआप उघडते. तेव्हा ग्राहक आभार मानणार नाही इतपतच काम करावं. तिसरं उद्दिष्ट, ‘ओनरशिप दाखवणे’. ती मोजायची कशी? साहेबांच्या चेहऱ्यावरून.

एवढं सगळं असूनही कुणाकुणाला उत्तर लिहायची खाज सुटते. असं काहीतरी मात्र चुकूनही पाठवू नका:

‘पीआयपी मिळाला. सुधारणेसाठी मी पूर्ण सहकार्य करीन. मात्र उद्दिष्ट क्र. १ बाबत: सिस्टीमच्या अहवालानुसार मला आठवड्याला सरासरी २८ तक्रारी मिळतात, त्यामुळे ४५ मिटवणं शक्य दिसत नाही. टीममधल्या इतरांनाही हेच उद्दिष्ट आहे का, आणि जादा तक्रारी मला कशा मिळतील, हे कृपया कळवावे. पर्याय म्हणून, वाट्याला आलेल्यांपैकी ९५ टक्के मिटवण्याचं उद्दिष्ट सुचवतो. उद्दिष्ट क्र. २ मधून निव्वळ आभारामुळे उघडलेल्या तक्रारी वगळाव्यात. उद्दिष्ट क्र. ३ कोण, कशावरून मोजणार? मागच्या वार्षिक मूल्यमापनात यांपैकी कोणतीही उणीव नोंदवलेली नाही. ते पत्र सोबत जोडलं आहे.’

बघा, किती रुक्ष! ना संताप, ना अश्रू. शिवाय साहेब आणि एचआर दोघांनाही एकाच मेलमध्ये पाठवलेलं, त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची दोघांचीही सोय गेली. उत्तर द्यावं तर अडचण, न द्यावं तर त्याहून मोठी अडचण. भल्या माणसांना असं कोंडीत पकडू नये.

लिहायचंच असेल तर रात्री अकरा वाजता लिहा. चार पानं लिहा. साहेबांचा लाडका कोण, त्याला बढती कशी मिळाली, हे सविस्तर येऊ द्या. आकडा एकही नको. असं पत्र एचआरला मनापासून आवडतं, कारण त्यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर द्यावं लागत नाही. आणि पुरावा हवाच म्हणून ग्राहकांची अख्खी यादी स्वतःच्या खासगी मेलवर पाठवा. मग ६० दिवस थांबायचीही गरज उरत नाही. गोपनीय माहिती बाहेर नेली म्हणून त्याच दिवशी निरोप. (मूल्यमापनाचं पत्र, पीआयपीचा कागद, आपली उत्तरं एवढंच जपून ठेवणारे लोक फारच कंटाळवाणे असतात.)

पीआयपीत दर आठवड्याला आढावा मीटिंग लिहिलेली असते. साहेब ती रद्द करतील. त्यांना कामं असतात. ‘आजची मीटिंग झाली नाही, या आठवड्याचे आकडे असे आहेत, पुढची वेळ कळवावी’ असा दोन ओळींचा मेल टाकू नका. असे चार-पाच मेल साठले, तर सुधारायला मदत केली होती हे सांगताना कंपनीची जीभ अडखळते. एवढ्याने नोकरी वाचेलच असं नाही, बरेचदा वाचत नाहीच. पण निघताना किती महिन्यांचा पगार द्यायचा, अनुभवपत्रात काय लिहायचं, ही बोलणी सुरू झाली की ते मेल भलतेच आडवे येतात. कंपनीला उगाच खर्चात का पाडायचं?

त्यापेक्षा मॅडम खासगीत म्हणतील, ‘तुम्हीच राजीनामा दिलात तर तुमच्यासाठीच बरं.’ किती माया! अटी लेखी मागू नका, रात्रभर विचार करू नका, तिथेच बसून लिहून द्या. कारण ‘वैयक्तिक’.