फुटवॉल

बावन्न स्लाइडी होत्या आणि सातव्या स्लाइडवरच माझा घात झाला. कॉलेजचं नाव सांगत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने नावं सांगू नयेत. मराठवाड्यातलं एक पॉलिटेक्निक, एवढं पुरे.

ऑफिस जेवायला गेलं होतं. म्हणून एका पोराचे वडील स्कॉलरशिपचे कागद आणि एक मेलेला चार्जर घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले. वर पंखा होता, हेच खरं कारण. मी म्हटलं, बसा काका. चूक तिथेच झाली.

विषय डायोड. स्लाइडवर पी आणि एन असे दोन ठोकळे एकमेकांना चिकटवलेले होते. ती स्लाइड मी केलेली नाही. पी आणि एन जिथे भेटतात ते जंक्शन खरं तर एकाच स्फटिकात घडवतात. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला बाहेरचे चार इलेक्ट्रॉन, चार शेजाऱ्यांशी चार बंध. त्यात कोटीभर अणूंमागे एखादा फॉस्फरस मुरवला, की त्याच्या पाचांपैकी एक इलेक्ट्रॉन मोकळा उंडारतो. ती एन बाजू. बोरॉनकडे तीनच असतात, म्हणून एक जागा रिकामी राहते, ते होल. ती पी बाजू. हे सांगितल्यावर एक पोरगं म्हणालं, "सर, परीक्षेत ठोकळेच काढायचे ना?" मी गिळलं.

"आणि म्हणून," मी हात हलवत म्हटलं, "करंट एकाच बाजूने वाहतो."

"म्हंजी फुटवॉल की!" मागून आवाज आला.

वर्ग हसला. चाळीस मिनिटं घसा कोरडा केला आणि या माणसाने एका शब्दात तास संपवला. वाईट म्हणजे उपमा बरी होती. विहिरीतला फुटवॉल पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. पण मला ते सोसेना. मी म्हटलं, "काका, फुटवॉलात झडप हलते. इथे काहीच हलत नाही."

"मंग अडवतंय कोण?"

नेमका प्रश्न! बावन्न स्लाइडींत त्याला एक ओळ होती. मी प्रोजेक्टर सोडून खडू घेतला.

"समजा, दोन शेतांच्या मधे बांध आहे. एन बाजूचे मोकळे इलेक्ट्रॉन बांध ओलांडून पलीकडच्या होलात जाऊन बसतात. पण ते निघून गेले, की मागे राहिलेला फॉस्फरस धन होतो, आणि पाहुणा घेतलेला बोरॉन ऋण. हे दोघं जागचे हलत नाहीत, स्फटिकात गाडलेले. आता पुढचा इलेक्ट्रॉन निघाला, की मागून फॉस्फरस ओढतो आणि समोरून बोरॉन ढकलतो. थोड्या वेळात येणं-जाणं बरोबरीला येतं. मधे अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा पट्टा उरतो, मोकळं कोणीच नसलेला. तोच अडवतो."

"आन् बॅटरी लावल्यावर?"

"ऋण टोक एनला, धन टोक पीला लावलं, की बॅटरी त्या ओढाताणीच्या उलट जोर लावते. अडथळा उतरतो आणि सिलिकॉनमध्ये ०.६-०.७ व्होल्टला चांगला करंट वाहू लागतो. उलटं लावलं, की दोन्हीकडचे मोकळे भार मागे ओढले जातात, पट्टा रुंदावतो. मग झिरपेल तेवढंच."

"आमचा फुटवॉल बी झिरपतोय. आन् उघडायला जरा वढ बी लागती."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं असावं. मला तेव्हा तसं वाटलं नाही.

मग त्यांनी फवारणी पंपाचा तो चार्जर पुढे केला. कपाशीवर फवारणी अडली होती. आत एसीचा डीसी करणाऱ्या पुलाचे चार डायोड, 1N4007. मल्टिमीटरचा खटका डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं लावली, तर दोघांचे आकडे विचित्र. बोर्डवर असताना दुसऱ्या वाटेनेही करंट जातो, म्हणून प्रत्येकाचा एक पाय सोल्डरमधून सोडवला. तीन जणांनी एका बाजूने ०.५५ च्या आसपास आणि उलट्या बाजूने OL, म्हणजे करंट जात नाही, असं दाखवलं. चौथ्याने दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य. शॉर्ट.

"म्हंजी फुटवॉलात कचरा अडकला," काका म्हणाले.

कचरा नव्हता हो! बहुधा एखाद्या झटक्यात तापून जंक्शनच वितळलं असणार. पण कोण ऐकतंय, टाळ्या पडल्या होत्या. नवा डायोड चांदीचा पट्टा जुन्यासारखाच ठेवून बसवला. काका सही न घेताच उठले, चार्जर मात्र न विसरता नेला.

तेवढ्यात त्यांच्याच पोराने विचारलं, "सर, दोन फुटवॉल पाठीला पाठ लावले की ट्रान्झिस्टर होतो का?"

होत नाही. ट्रान्झिस्टरात एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन थर असतात, आणि मधला बेस इतका पातळ लागतो, की एमिटरकडून आलेले बहुतेक इलेक्ट्रॉन तिथल्या होलांना सापडण्याआधीच कलेक्टरमध्ये ओढले जावेत. दोन सुटे डायोड तारेने जोडले, तर तारेतून पुढे जायला ते इलेक्ट्रॉन उरतच नाहीत. एवढं सांगेपर्यंत घंटा झाली, उरलेल्या पंचेचाळीस स्लाइडी तशाच राहिल्या. विभागप्रमुखांनी मस्टरवर शेरा मारला, 'अभ्यासक्रम अपूर्ण.' त्या तासाचं बिल अजून निघालेलं नाही. डायोडही माझ्याच डबीतला होता.