स्टॉक आमचा संपला, कॅन्सल तुम्ही का करायचं?

ग्राहकाचा अभिप्राय, एक स्टार: "पितळी समई मागवली. दोन दिवस मेसेजला उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला, 'स्टॉक संपलाय, तुमच्याकडून कॅन्सल करून टाका ना.' चूक यांची, मग कॅन्सल मी का करायचं?"

दुकानाचं उत्तर:

नमस्कार. तुम्ही करायचं नव्हतंच. तो फोन करायला मीच मुलाला सांगितलं होतं.

का सांगितलं, तेही लिहितो. अमेझॉनवर आम्ही स्वतः पाठवतो त्या ऑर्डरींपैकी सात दिवसांत विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. त्यावर गेलं की खात्यावर गदा येऊ शकते. ग्राहकाने स्वतः रद्द केली तर ती आमच्या नावावर लागत नाही. त्या आठवड्यात आमच्या ऑर्डरी होत्या 58. एक आधीच पत्ता अर्धवट म्हणून आम्ही रद्द केली होती, म्हणजे 1.7 टक्के. तुमची धरली की 3.4. मोठ्या विक्रेत्याला दोन ऑर्डरी जाणवतही नाहीत, आमच्यासारख्याला तेवढ्याच पुरतात. म्हणून ती तुमच्या गळ्यात मारायला निघालो. खरं तर आठवडा सरला की ती ऑर्डर हिशोबातून आपोआप बाहेर पडते. एवढ्यासाठी तुम्हाला फोन करायला नको होता. शेवटी "स्टॉक नाही" हेच कारण टाकून आम्हीच रद्द केली.

मुळात घोळ झाला तो गल्ल्यावर. तांबट आळीतल्या आमच्या दुकानात ती एकच समई उरली होती. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी हातात घेऊन वजन बघितलं, आवडली, घेऊन गेले. ऑनलाइनचा आकडा सोमवारपर्यंत एकावरच. तुमची ऑर्डर पडली रविवारी.

आता ऑनलाइनचा माल माळ्यावर वेगळ्या फळीवर ठेवतो. तिथली वस्तू गल्ल्यावर विकायची झाली तर आधी मोबाइलवर आकडा खाली, मग बिल. शेवटचा नग ऑनलाइन दाखवतच नाही. त्यामुळे थोडी विक्री बुडते, बुडू दे.

मेसेजचं म्हणाल तर तिथे सबबच नाही. चोवीस तासांत उत्तर द्यायचं असतं आणि त्यात रविवारही धरतात. आमचा समज असा की सुट्टी म्हणजे सुट्टी. आता सकाळी दुकान उघडताना आणि रात्री शटर ओढायच्या आधी मेसेज बघायचं काम माझ्या सुनेकडे आहे. पक्कं उत्तर नसेल तर "उद्या दुपारपर्यंत कळवते" एवढं तरी जातं. बाहेरगावी जायचं असलं की लिस्टिंग बंद करून जातो.

समईचा नवा माल आला आहे. हवी असल्यास त्याच भावाने बाजूला काढून ठेवतो. नको असली तरी अभिप्राय बदलू नका, लिहिलंय ते बरोबर आहे.