भर उन्हात सोलरचा कनेक्टर उपसायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

"कडक ऊन असूनही तुमचं ३ किलोवॅटचं सोलर निम्मंच देतंय? म्हणजे पॅनल डुप्लिकेट आहेत. दुपारी गार पाणी मारा, आकडा दुप्पट होतो. नाही झाला तर एकेका पॅनलचा कनेक्टर काढा. ज्याचा काढून फरक पडत नाही तो पॅनल खराब. इन्व्हर्टर तपासायची गरज नाही, तो फक्त आकडा दाखवतो."

अकोल्याच्या माझ्या काकांनी हा मेसेज वाचला आणि पक्कड घेऊन गच्चीच्या जिन्यातून मला फोन केला. काकांचं वय ६८. एप्रिलची दुपार, साडेबाराची वेळ. म्हणून आधी कनेक्टरबद्दलच बोलतो.

काकांकडे ५४० वॅटचे सहा पॅनल आहेत, एकामागे एक जोडलेले. अशा माळेतला कुठलाही एक कनेक्टर काढला की सगळ्या माळेचा प्रवाह थांबतो. म्हणजे सहापैकी कुठलाही काढा, आकडा शून्यच होणार. यातून खराब पॅनल कसा सापडेल? आणि शून्य होण्याआधी जे होतं ते भयंकर आहे. माळेत दोनशेच्या वर व्होल्टचा डीसी प्रवाह वाहत असतो. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला वाव असतो. डीसी तसा शून्यावर येत नाही. टोकं लांब नेली तरी मधली ज्योत पेटती राहते, हात भाजतो, आगही लागते. भार चालू असताना काढू नये, ही सूचना या कनेक्टरवरच छापलेली असते. काढायची वेळ आलीच तर आधी एसीचा स्विच बंद, मग डीसीचा आयसोलेटर, आणि तेही जाणकार माणसाने.

पाण्याचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पॅनलवरची क्षमता १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेलचं २५ अंश तापमान धरून लिहिलेली असते. अकोल्यात त्या वेळी सेल ६८ अंशांच्या आसपास असतो. आजच्या पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते, म्हणजे ४३ अंशांना १५ टक्के. थोडं ऊन कमी, थोडी धूळ, इन्व्हर्टरची घट धरली तर काकांच्या ३.२४ किलोवॅटमधून २.४ मिळणं रास्त. पॅनल अगदी २५ अंशांवर आणले तरी परत मिळणार तेवढेच १५ टक्के, पाण्याने आकडा दुप्पट होत नाही. उलट तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. धुवायचं तर सकाळी लवकर.

पण काकांच्या स्क्रीनवर १.२३ किलोवॅट होते, आणि ती तक्रार खरी होती. मी त्यांना इन्व्हर्टरवरचे आकडे वाचायला सांगितले. पॅनलकडून येणारं व्होल्टेज म्हणजे Vpv २४८, प्रवाह म्हणजे Ipv ५.१. एवढ्या उष्णतेत त्यांच्या माळेने पूर्ण जोर लावला तर व्होल्टेज सुमारे २१२ आणि प्रवाह ११.८ अँपिअर हवा. पॅनल धुळीने माखले असते तर व्होल्टेज तिथेच राहून प्रवाह घटला असता. एखाद्या पॅनलच्या भागावर सावली असती तर साधारण दहा-बारा व्होल्टच्या टप्प्याने व्होल्टेज उतरलं असतं. इथे व्होल्टेज चढलेलं आणि प्रवाह पडलेला. याचा अर्थ पॅनल द्यायला तयार आहेत, इन्व्हर्टरच घेत नाही.

मग ग्रिडच्या बाजूचं व्होल्टेज, म्हणजे Vac बघितलं: २५३. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज नेहमीच्या ११० टक्क्यांवर गेलं तर सौर यंत्रणेने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. बरेच इन्व्हर्टर या हद्दीजवळ आले की सुटण्याऐवजी आधी उत्पादन आवरतात. काकांचा तेच करत होता, आणि त्याच्याकडेच बघू नका म्हणे!

मीटरच्या स्क्रीनवर मात्र त्याच वेळी २४५. मधल्या वायरमध्ये पाच अँपिअरला आठ व्होल्ट जात होते, म्हणजे कुठेतरी चाळीस वॅटची उष्णता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने दोन्ही बाजूंनी वीज तोडून मधली पेटी उघडली. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं पडलेलं. टोक कापून नवीन लग बसवला. दुपारी Vac २४७ आणि उत्पादन २.४ किलोवॅट.

मीटरपाशीच २५३ दिसत असतील तर दोष आपल्या घरात नाही. अशा वेळी दुपारच्या वाचनाचे फोटो जोडून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासायला सांगा. इन्व्हर्टरची व्होल्टेजची हद्द वाढवून देतो म्हणणाऱ्याला ते करू देऊ नका. ते जादा व्होल्टेज तुमच्या फ्रिजला आणि शेजाऱ्यांच्या पंख्यांनाही सोसावं लागतं.