मामेबहिणीने दिलेल्या दोन ताऱ्यांना उत्तर

"दोनच तारे. साखरपुड्याआधी मनाला बरं वाटावं म्हणून ताईकडे टॅरो कार्डं बघायला गेले, तर तिनं डोळे बांधलेल्या बाईचं कार्ड समोर ठेवलं. आई शेजारीच होती, तिची झोप उडाली. लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडून पुण्याला यावं लागेल असं तिकडचे म्हणतात, त्यावर हो की नाही एवढंसुद्धा सांगितलं नाही. परत कार्ड काढू म्हटलं तर नको म्हणाली. पाचशे रुपये मात्र घेतले. सख्ख्या आत्याची मुलगी आहे म्हणून स्पष्ट लिहिते."

चिमे,

बरं केलंस, लिहिलंस. घरात फुगून बसली असतीस तर मला कळलंच नसतं. तू जेवढं इथं लिहिलंयस तेवढ्यावरच बोलते, बाकीचं फोनवर.

आधी माझी चूक. मामीला शेजारी बसवायलाच नको होतं. प्रश्न तुझा होता, आणि आईसमोर कुठली मुलगी मोकळं बोलते? त्यात पुढचं गिऱ्हाईक दारात आलं म्हणून मी ते कार्ड नीट न समजावता गुंडाळलं. पाचशे रुपये परत पाठवलेत.

आता ती बाई. ते कार्ड मी निवडलं नव्हतं. गड्डी तू पिसलीस, तूच काटलीस. दोन पत्ते अलीकडे काटली असतीस तर दुसरंच काही आलं असतं. मामीनं फोटो काढलाय ना, तो मोठा करून बघ की. 'एट ऑफ स्वोर्ड्स', म्हणजे आठ तलवारी. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं काढलं, ती गड्डी १९०९ साली लंडनमध्ये छापली गेली. बाईचे डोळे बांधलेत, अंगाला फडकं गुंडाळलंय, हे मामीला दिसलं. पण पाय मोकळे आहेत. तलवारी तिच्या बाजूला आणि मागे रोवलेल्या आहेत, समोर एकही नाही. चालू लागली तर अडवायला कोणी उभं नाही. मी या चित्रातून एवढंच विचारते, की आपण अडकलोय असं वाटतंय त्यातलं खरं बंधन कुठलं, आणि न विचारताच धरून चाललेलं कुठलं?

तुझ्या बाबतीत बघ. "नोकरी सोडावी लागेल" हे कोण म्हणालं? तू त्या दिवशीही "तिकडचे" म्हणालीस, इथंही तेच लिहिलंस. मुलाचं स्वतःचं म्हणणं काय, ते तुझ्या तोंडून एकदाही आलं नाही. मला वाटतं तू त्याला विचारलेलंच नाहीस. चुकत असेन तर सांग.

पहिलं कार्ड 'फोर ऑफ वाँड्स' होतं, चार काठ्यांवर हार बांधलेलं, अगदी मांडवासारखं. ते बघून मामी खूश झाली आणि पुढच्यानं घाबरली. खरं म्हणजे दोन्हीत भविष्य नव्हतं. तिसरं 'लव्हर्स'. त्याला सगळे प्रेमाचं कार्ड म्हणतात, पण जुन्या फ्रेंच गड्डीत तिथं दोन बायकांच्या मधे उभा असलेला तरुण आहे आणि वरून मदन बाण रोखतोय. म्हणून ते निवडीचं कार्डही समजतात. लग्न होणार असा निरोप त्यात नाही.

परत का काढू दिलं नाही, तेही सांगते. गड्डीत ७८ पत्ते. त्यातले २६ तुला "चांगले" वाटतात असं धर. तीन पत्ते काढले की दहातल्या सात वेळा त्यात निदान एक चांगला निघणारच. तुला हवा तो पत्ता दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला आला असता, आणि तू म्हणाली असतीस, "बघ, कार्डानंच सांगितलं." मग पुण्यात जाऊन नोकरीवाचून बसलीस तर जाब कोणाला विचारणार, गड्डीला? असं मन भरेपर्यंत पत्ते काढून देणारे भेटतात, दर खेपेला पैसे घेतात. मी घेत नाही, म्हणून माझं दुकान लहान आहे.

हो की नाही मी सांगणार नाही, कारण ते मला माहीतच नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्यातसुद्धा संमती कट्ट्यावर संमती वाचतात, तेव्हाच अक्षता पडतात. तुझी संमती कोणी वाचली का अजून?

साखरपुड्याआधी मुलाला एकट्याला फोन कर. पुण्यात शाळा शोधायला तो सहा महिने देईल का, तोवर घरभाडं कसं भागवणार, आणि "तिकडचे" म्हणजे नक्की कोण, एवढंच विचार. त्यानं सरळ उत्तर दिलं तर पुढचं तू ठरव. "बघू नंतर" म्हणाला, तर तेही उत्तरच आहे, आणि त्यावरही तूच ठरवायचं. साखरपुडा पुढे ढकलावा लागला तर मामाशी मी बोलते. शिव्या मला खाऊ दे.

गुरुवारी संध्याकाळी ते कार्ड घेऊन घरी येते, मामीला त्या बाईचे पाय दाखवायचेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून ठेव म्हणावं. तारे दोनच राहू देत.

तुझी ताई