हाऊजीच्या यंत्रावरची तक्रार आणि माझं उत्तर

> तुमचा लेख वाचून आमच्या कॉलनीच्या गणपतीत हाऊजीचं यंत्र केलं. ८०५१ वर कोड तुमचाच, जसाच्या तसा. पहिल्याच संध्याकाळी ४८, २४, १२, ६, ३ असे लागोपाठ आले. तिसऱ्या दिवशी सातवीतलं एक पोरगं वहीत बघून माझ्याआधीच ओरडायला लागलं, ‘आते चोवीस!’ बायका हसून हसून बेजार. नुसत्या आयसींचं सर्किट पण केलं, तर लाइट जाऊन आली की ते शून्यावर बसतं ते उठतच नाही. याला रँडम म्हणायचं का? लिहिण्याआधी करून तरी बघत जा.
> — चोपड्याहून एक वाचक

दादा, त्या पोराला माझ्याकडून एक कंपासपेटी द्या, पैसे मी पाठवतो. त्याने जे पाहिलं ते मला दिसायला हवं होतं.

मी करून बघितलं नव्हतं असं नाही. भुसावळला घरी बसून यंत्रातून आलेले सगळे आकडे संगणकावर उतरवून घेतले होते. एकही आकडा दोनदा आला नाही ना, एकही राहिला नाही ना, एवढंच तपासायचं होतं. म्हणून यादी चढत्या क्रमाने लावली. १ पासून ९० पर्यंत सगळे हजर, प्रत्येक एकदाच. खूश होऊन लेख टाकला. चढत्या क्रमाने लावल्याबरोबर आकडे कोणत्या क्रमाने आले होते तेच पुसलं गेलं, हे डोक्यातच आलं नाही. हाऊजीत तर क्रमालाच महत्त्व.

आता ते आकडे तसे का येतात ते बघू. कोडचा गाभा एवढाच आहे:

```
STEP:   MOV  A, R7
        CLR  C
        RRC  A
        JNC  DONE
        XRL  A, #60H
DONE:   MOV  R7, A
        RET
```

सात बिट एक घर उजवीकडे सरकतात. बाहेर पडलेला बिट ० असेल तर काहीच करायचं नाही, १ असेल तर `60H`, म्हणजे ९६, याच्याशी एक्सॉर. ४८ म्हणजे `0110000`. उजवीकडे सरकवला की `0011000`, म्हणजे २४. समसंख्या उजवीकडे सरकली की निम्मी होते, यात रँडम काहीच नाही. विषम आली तरच ९६ मध्ये पडतो: ३ चा १ होतो आणि एक्सॉर होऊन ९७. पुढे ८०, ४०, २०, १०, ५. हाऊजीत ९० च्या वरचे आपण गाळतो, त्यामुळे ९७ कुणाला दिसत नाही. लोकांना ऐकू येतं ते ४८, २४, १२, ६, ३, ८०, ४०, २०, १०, ५. एका पावलात सातपैकी डावीकडचे दोनच बिट नवे होऊ शकतात, बाकीचे पाच जुनेच एक घर सरकलेले. चूक रजिस्टरची नाही. प्रत्येक पावलाला त्यातून अख्खा आकडा काढायचा, ही माझी चूक.

तरी हाऊजीसाठी मी हेच निवडलं, त्याला कारण आहे. सात बिटांचं हे रजिस्टर शून्य सोडून १२७ अवस्थांतून प्रत्येकीत एकदाच जातं आणि मग पहिल्या जागी येतं. ९० च्या वरचे ३७ गाळले की १ ते ९० प्रत्येक आकडा एकदाच. कोणता आकडा बोलून झाला याची नोंद ठेवावी लागत नाही. हा गुण घालवायचा नाही आणि पोराची वही निकामी करायची, असं दोन्ही साधायचं आहे.

पहिला उपाय सहज सुचतो. एका आकड्यासाठी एक पाऊल न टाकता सात टाकायची, म्हणजे सातही बिट नवे. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे १ ते १२६ मधली कितीही पावलांची उडी घेतली तरी सगळ्या १२७ अवस्था एकेकदाच येतात. आठ बिटांचं रजिस्टर घेतलं असतं तर ही मोकळीक नव्हती. त्याचा फेरा २५५ चा, म्हणजे ३ × ५ × १७. तिथे पाच-पाचची उडी मारली की ५१ आकड्यांतच फेरा संपतो.

हे उत्तर ‘सातची उडी घ्या’ एवढं लिहून मी संपवणारच होतो. पण एकदा हात पोळले होते, म्हणून वही काढली. ४८ पासून सात-सात पावलं टाकली तर आलं: ४८, ४०, ६०, ३४, ५१, ७४. बघा, ४० चे ६० झाले, म्हणजे दीडपट. ३४ चे ५१ झाले, तेही दीडपट. तुमच्या त्या पोराला हे दुसऱ्या संध्याकाळी सापडलं असतं.

हा योगायोग नाही. या रजिस्टरला टॅप दोनच आहेत, सहावा आणि सातवा. त्यामुळे सात पावलांनंतरची अवस्था म्हणजे आत्ताची अवस्था आणि एका पावलानंतरची अवस्था यांचा एक्सॉर, नेहमीच. ४० आणि त्याचं पुढचं पाऊल २० यांचा एक्सॉर ६०. दोघांचे १ एकाच घरात येत नाहीत, म्हणून तिथे एक्सॉर साध्या बेरजेसारखा दिसतो. सातही बिट नवे आहेत असं आपल्याला वाटतं, पण ते जुन्यांच्याच जोड्या असतात. आठच्या उडीत तीच गत: ४० नंतर ३०, पाऊणपट. चौदाच्या उडीतही धागा उरतो, पण तो इतका विरळ की नुसतं ऐकून कुणाला कळायचा नाही.

म्हणून उडी १६ ते १११ मधली घ्यायची. १११ च्या वर का नाही? फेरा १२७ चा आहे, त्यामुळे १२० पावलं पुढे जाणं म्हणजे सात मागे येणं, आणि तोच दोष उलट्या बाजूने येतो. नमुना म्हणून १८ ची उडी ४८ पासून काढून बघितली: ४८, ८३, ३७, ८१, ५९, ५८. या वेळी आधी यादी चढत्या क्रमाने लावली नाही, हे मुद्दाम सांगतो.

पण उडी कायम १८ ठेवली तर क्रम तोच राहतो आणि वही पुन्हा चालू होते. उडी दर डावाला बदलायला हवी, आणि ती माणसाच्या हातून यावी. टायमर ० मोड १ मध्ये चालू ठेवा, १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तो दर मायक्रोसेकंदाला एक पुढे जातो. डाव सुरू करताना बटण दाबलं त्या क्षणी `TL0` मधून उडी घ्यायची, बटण सोडलं त्या क्षणी सुरुवातीची अवस्था. कुणाचंही बोट मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने उठत नाही.

```
PICK:   MOV  A, TL0
        ANL  A, #7FH
        CJNE A, #16, P1
P1:     JC   PICK
        CJNE A, #112, P2
P2:     JNC  PICK
        MOV  R6, A
        RET

NEXT:   MOV  A, R6
        MOV  R5, A
N1:     ACALL STEP
        DJNZ R5, N1
        MOV  A, R7
        CJNE A, #91, N2
N2:     JNC  NEXT
        RET
```

`CJNE` च्या पुढचं लेबल लगेच खालच्याच ओळीवर आहे, ती छपाईची चूक समजू नका. उडी मारायचीच नाही, फक्त लहानमोठं बघून कॅरी लावून घ्यायचा आहे. सुरुवातीची अवस्था `R7` मध्ये घेताना तिलाही `ANL A, #7FH` लावा, आणि ती शून्य आली तर परत वाचा. १११ पावलांची उडीसुद्धा दीड मिलिसेकंदात होते.

`PICK` मध्ये एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची तक्रार तीच येईल. टायमर नको त्या पट्ट्यात असताना बटण दाबलं तर कोड १६ येईपर्यंत गरगर फिरत राहतो. त्यामुळे १६ आणि तिच्या लगतच्या उड्या बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा निवडल्या जातात. कॉलनीच्या हाऊजीला मी एवढ्यासाठी कोड वाढवणार नाही.

मर्यादा मात्र मोठी आहे. १२७ अवस्थांची मूळ यादी कुणी लिहून आणली, तर ४८ तिसरा आणि ८३ एकविसावा, म्हणजे उडी १८, हे दोन आकड्यांत कळतं. मधे एखादा गाळला गेला तर हिशोब चुकतो, पण तिसऱ्या-चौथ्या आकड्याला पक्का होतो, आणि तिथून पुढचा सगळा डाव उघडा. पैसे लावून खेळत असाल तर हे यंत्र वापरू नका, पिशवीतल्या सोंगट्या बऱ्या.

राहिलं आयसींचं सर्किट. ते शून्यावर अडकतं हे खरं, आणि दोष माझ्या आकृतीचा. ७४१६४ चे सातही बिट ० झाले की ० आणि ० चा एक्सॉर ०, आत शून्यच जातं. लाइट येते तेव्हा चिप कुठल्याही अवस्थेत उठू शकते, शून्यातही. मी रीसेटची नववी पिन सरळ ५ व्होल्टला बांधून मोकळा झालो होतो. ७४८६ मध्ये चार गेट आहेत आणि आपण एकच वापरतो. दुसऱ्या गेटची एक पिन ५ व्होल्टला जोडा, दुसरीवर पहिल्या गेटचं आउटपुट द्या, तो उलटा करून देतो. आता शून्य ही चालती अवस्था झाली आणि अडकण्याची अवस्था सगळे १. मग नवव्या पिनवर ५ व्होल्टपासून १० किलो-ओहम आणि ग्राउंडला १ मायक्रोफॅरॅड लावा, म्हणजे लाइट आली की चिप शून्यापासून सुरू होईल. रेझिस्टरला समांतर एक डायोड टाका, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. आपल्याकडे लाइट नुसती झपकन जाऊन येते, तेवढ्यात डायोडशिवाय कपॅसिटर रिकामा होत नाही आणि रीसेट लागत नाही. सातही एलईडी एकदम पेटून राहिले तर समजा अडकलं. कपॅसिटरवर एक बटण लावलेलं असू द्या. शून्यही आता येणार, तो गाळायचा.

या सर्किटचा क्रम ८०५१ च्या क्रमाशी जुळणार नाही. तिथे टॅप बाहेरून एकत्र करून पहिल्या बिटात घातले आहेत, कोडमध्ये ते आतल्या आत एक्सॉर होतात. आणि त्यात दर डावाला उडी बदलायची तर पल्स मोजणारी आणखी एक चिप आली. मी तेवढं करणार नाही. ते सर्किट मी आता लुडोच्या फाशासाठीच ठेवलं आहे: बटण दाबलेलं असेपर्यंत ५५५ पन्नास किलोहर्ट्झने घड्याळ देतो, सोडलं की थांबतो. अर्धा सेकंद दाबलं तरी रजिस्टरचे दोनशेच्या आसपास फेरे होऊन जातात. तिथे रँडमपणा बोटाचा, रजिस्टर नुसतं धावतं. फाशात तोच आकडा पुन्हा आला तरी चालतो, हाऊजीत नाही.

मूळ लेखातला कोड काढून हा टाकला आहे. आकृती नव्याने काढायला घेतली आहे, रविवारपर्यंत टाकतो. तोवर त्या पोराला १८ ची यादी दाखवू नका.