वॉर्डातली नर्स क्लेम डेस्कवर जाताना मुलाखतीनंतर काय लिहील

फील्ड बदलणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो: «फील्ड बदलत असाल तर मुलाखतीनंतरच्या मेलमध्ये सगळा अनुभव पुन्हा लिहा, रेझ्युमे कोणी वाचत नाही. आणि नव्या कामाचा अनुभव नाही म्हणून आधीच माफी मागून टाका.»

मी टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, कॅशलेस क्लेमसाठी माणसं निवडते. मुलाखतीला बसताना रेझ्युमे माझ्यासमोरच असतो, त्यावर खुणा केलेल्या असतात. तोच मजकूर संध्याकाळी परत आला तर मी दुसऱ्या ओळीला थांबते. मला हवं असतं ते रेझ्युमेत नसलेलं: आमची जी अडचण त्या खोलीत बोलली गेली, तिथे या माणसाचं जुनं काम कुठे बसतं?

उदाहरण घ्या. मे २०२४च्या परिपत्रकात विमा नियामक आयआरडीएआयने कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यायला सांगितलं. माहिती किंवा कागद मागायला आम्ही पाठवलेल्या क्वेरीचं हॉस्पिटलकडून अर्धवट उत्तर आलं की तो तास तिथेच जातो. मुलाखतीत आम्ही हे बोललो असू, तर वॉर्डातल्या नर्सने एवढंच लिहावं:

«नमस्कार मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभार. क्वेरीला अर्धवट उत्तरं येतात, असं तुम्ही म्हणालात. वॉर्डात अशा क्वेरींना कागद जोडून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ‘आजार कधीपासून?’ एवढंच विचारलं की ‘बरेच दिवस’ असं उत्तर जायचं. ‘ब्लड प्रेशरचं निदान कधी झालं? पहिलं प्रिस्क्रिप्शन जोडा’ असं विचारलं की नेमका कागद शोधून पाठवता यायचा. क्वेरी लिहिताना हा अनुभव कामी येईल. पॉलिसीच्या अटी मला शिकाव्या लागतील; तुम्ही सांगितलेल्या वेटिंग पीरियडपासून सुरुवात केली आहे.»

यात किती वर्षं नोकरी, कोणकोणते वॉर्ड, कोणती प्रमाणपत्रं, काहीच नाही. तरी ही बाई क्वेरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होती, हे मला कळतं. «संवादकौशल्य उत्तम, दबावाखाली काम करते» या ओळीतून ते कळलं नसतं. ती ओळ कोणीही लिहू शकतं.

माफीबद्दल माझं मत ठाम आहे: मागू नये. पण उणीव झाकूही नये, कारण ती आम्हाला आधीच दिसलेली असते. वरच्या मेलमध्ये ती एकाच वाक्यात येते, शेवटी, आणि तिच्यासोबत सुरू केलेलं काम आहे. उणिवेनेच सुरुवात केली तर वाचणारा पुढचं सगळं त्याच शंकेने वाचतो.

एक मात्र खरं, पॉलिसी वाचायची तयारीच मुलाखतीत दिसली नसेल, तर अशा मेलने निर्णय फिरत नाही. तो फिरतो दोन उमेदवारांत आम्ही अडलो असू तेव्हा. म्हणून मेल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी यावा. पॅनेलवर आमचे डॉक्टरही असतील तर त्यांना तीच प्रत नको. त्यांनी डिस्चार्ज समरी आणि औषधांचा चार्ट जुळत नसल्याचं विचारलं असेल, तर त्यांच्या मेलमध्ये तेवढंच लिहावं. पत्ता नसेल तर दोन्ही मेल एचआरमार्फत द्यावेत.